लपलेल्या जागेतलं कार्ड

टॅरो शिकायला येणारी मंडळी सुरुवातीचे महिने कार्डांचे अर्थ पाठ करण्यात घालवतात. कार्डं 78 आहेत, तेव्हा ते साहजिकच आहे. खरी अडचण स्प्रेड मांडायला लागल्यावर येते, कारण स्प्रेडमधल्या प्रत्येक जागेलाही अर्थ असतो. भूतकाळ, अडथळा, सल्ला या जागा फारसा त्रास देत नाहीत. अडथळ्याच्या जागी ‘फोर ऑफ पेंटॅकल्स’ आलं तर हातचा पैसा घट्ट धरून बसणं हाच अडथळा, हे नवख्यालाही सांगता येतं. पण ‘छुपा प्रभाव’ किंवा ‘अंतर्मन’ अशी जागा असली की चांगले सरावलेले रीडरही गडबडतात. तिथे प्रसन्न कार्ड आलं तर ते उगाच काळवंडून सांगितलं जातं, आणि गूढ कार्ड आलं तर आणखी गूढ करून.

आपल्याकडे समोर बसलेला माणूस बहुधा कुंडली पाहिलेला असतो. ‘म्हणजे बाराव्या स्थानातल्या ग्रहासारखं का?’ असं तो विचारतो, आणि बऱ्याच अंशी ते बरोबर आहे. ग्रह तोच, स्थान बदललं की फळ वेगळं. कार्ड तेच, जागा बदलली की वाक्य वेगळं. फरक इतकाच की कुंडलीतली बारा स्थानं परंपरेने पक्की केलेली आहेत, रीडरला ती बदलता येत नाहीत. टॅरोच्या जागांना मात्र नावं आपणच देतो. ‘छुपा’ म्हणजे कोणापासून छुपा, हे ठरवायचं कामही मग आपल्यावरच येतं. पत्ते पिसण्याआधी ते ठरवलं नसेल, तर कार्ड उलटल्यावर आपण सोयीचा अर्थ उचलणार, हे नक्की.

या गोंधळाला इतिहास आहे. आज सर्वांत जास्त वापरला जाणारा दहा कार्डांचा केल्टिक क्रॉस आर्थर एडवर्ड वेट यांच्या 1910 सालच्या ‘द पिक्टोरिअल की टू द टॅरो’ या पुस्तकातून घरोघरी पोहोचला. त्याच्या आदल्या वर्षी पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला डेक लंडनच्या रायडर कंपनीने बाजारात आणला होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात तोच असतो. वेट यांच्या मांडणीत मधल्या कार्डाच्या खाली एक कार्ड येतं. त्यांच्या लेखी ते प्रकरणाचा पाया आहे: जे घडून गेलंय आणि जे त्या माणसाने आपलंसं केलंय, ते. अंतर्मनाचा तिथे उल्लेख नाही. पुढे टॅरोच्या पुस्तकांत मानसशास्त्राची भाषा शिरली, तेव्हा वरचं कार्ड जागृत मन आणि खालचं कार्ड सुप्त मन झालं. घोड्याच्या नालेसारख्या मांडलेल्या सात कार्डांच्या स्प्रेडमध्ये तिसरी जागा ‘छुपे प्रभाव’ अशी असते, आणि तो प्रभाव माणसाच्या आतला असेल किंवा बाहेरचाही.

या फरकाने काय होतं ते एका कार्डावर पाहू. ‘फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स’मध्ये बर्फातून दोन दरिद्री माणसं चालली आहेत, एक कुबड्यांवर, आणि त्यांच्या डोक्यावर चर्चची उजळलेली खिडकी आहे. वेट यांच्या पायाच्या जागी हे आलं तर मी म्हणेन, तंगीचे दिवस तुम्ही काढलेत आणि त्यातूनच तुमचे आजचे नियम तयार झालेत. अंतर्मनाच्या जागी आलं तर म्हणेन, तंगीची भीती तुमच्या निर्णयात आहे, आज खिशात पैसे असले तरी. छुप्या प्रभावाच्या जागी, आणि ती बाहेरची धरली असेल तर, या व्यवहारातल्या दुसऱ्या कुणाची तरी ओढाताण चाललीय जी तुम्हाला दिसत नाही. तिन्हीकडे कार्ड अभावच सांगतं. तो कुणाचा, कधीचा आणि कुणाला माहीत असलेला, हे जागा सांगते. मी दोन्हींची कामं अशीच वाटून देते: गोष्ट कोणती हे कार्डाला विचारायचं, ती कुठे उभी आहे हे जागेला.

आता एक पूर्ण रीडिंग घेते. ओळख पटेल असं सगळं बाजूला ठेवून. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न होता: पगार सोडून स्वतःचे क्लासेस काढले तर परवडेल का? मी सात कार्डांची नाल मांडली. तिसरी जागा त्यांना आधीच समजावली होती: ‘तुमच्या प्रश्नात जे आलेलं नाही पण निर्णयावर वजन टाकतंय, ते.’ भूतकाळात ‘एट ऑफ पेंटॅकल्स’ आलं, बाकावर बसून एकामागून एक नाणं कोरणारा कारागीर. वर्तमानात ‘टू ऑफ स्वॉर्ड्स’, डोळ्यांवर पट्टी बांधून छातीवर दोन तलवारी आडव्या धरलेली बाई. छुप्या जागी ‘टेन ऑफ कप्स’. अडथळा ‘फोर ऑफ पेंटॅकल्स’, भोवतालची माणसं ‘फाइव्ह ऑफ वाँड्स’, सल्ला ‘पेज ऑफ पेंटॅकल्स’ आणि शेवट ‘थ्री ऑफ पेंटॅकल्स’.

‘टेन ऑफ कप्स’ हे भरल्या घराचं कार्ड. आकाशात दहा कपांचं इंद्रधनुष्य, त्याच्याकडे हात उंचावून पाहणारं जोडपं, बाजूला नाचणारी दोन मुलं, मागे छोटंसं घर. इथे दोन पळवाटा हाताशी असतात. एक म्हणजे जागा विसरायची आणि सांगून टाकायचं, ‘घरात सुख आहे, काळजी नको.’ दुसरी म्हणजे जागेला कार्डावर स्वार होऊ द्यायचं: लपलेलं आहे म्हणजे काहीतरी खुपतंय, म्हणजे घरात वरवरचं हसू आहे. पहिलीत कार्ड उरतं आणि जागा जाते. दुसरीत कार्ड उलटंच होतं, आणि ते तर सरळ आलं होतं.

मी आधी इतर कार्डांकडे पाहिलं. सातांपैकी चार पेंटॅकल्स. तलवारी, कप आणि वाँड्स एकेक. प्रश्न पैशाचा होता आणि उत्तरही बहुतेक पैशाच्याच भाषेत आलं होतं. कपांचं एकमेव कार्ड नेमकं त्या जागी होतं जिला मी ‘प्रश्नात न आलेलं’ असं नाव दिलं होतं. मग चित्रात परत आले. ते जोडपं एकमेकांकडे किंवा मुलांकडे पाहत नाही, वर कपांकडे पाहतं. घर कसं असावं याचं एक चित्र डोळ्यांसमोर आहे, आणि त्या चित्राशी प्रत्येक पर्याय ताडला जातोय. म्हणून मी एवढंच म्हटलं, ‘हिशेब तुम्ही पैशाचा विचारताय, पण मोजताय घराच्या मापाने. ते माप काय आहे?’

बाईंनी थोडा विचार करून सांगितलं, ‘क्लासेस म्हणजे संध्याकाळी पाच ते नऊ. आमच्या घरी सगळे एकत्र असतात ते तेवढाच वेळ.’ ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं अजिबात नाही. पण परवडतं की नाही, हे विचारताना ती हिशेबात धरलेली नव्हती. त्यानंतर बाकीची कार्डं सरळ बोलू लागली. अडथळ्यातला नाणी कवटाळलेला माणूस पगारालाच धरून नव्हता, पगारासोबत येणाऱ्या रिकाम्या संध्याकाळीही त्याच्या मुठीत होत्या. सल्ल्यातला ‘पेज’ एकच नाणं दोन्ही हातांत धरून निरखतो. म्हणजे नोकरी न सोडता शनिवार-रविवार सकाळची एकच बॅच घेऊन बघावी. शेवटच्या कार्डात मठात काम करणारा शिल्पकार आणि त्याच्याशी आराखड्यावर बोलणारे दोघे आहेत, तेव्हा पुढे वाढवायचं झालं तर एकटीने नाही, कुणाला तरी सोबत घेऊन.

या रीडिंगवर मी एक तपासणी केली, आणि ती कुठल्याही रीडिंगवर करता येते. तेच कार्ड मनातल्या मनात शेजारच्या जागेत ठेवायचं. ‘टेन ऑफ कप्स’ अडथळ्यात आलं असतं तर मी म्हटलं असतं, घरच्यांचा उघड आग्रह आड येतोय. माझं छुप्या जागेतलं वाक्य याहून वेगळं होतं, म्हणजे जागा वाचली गेली. मग जागा तीच ठेवून कार्ड बदलायचं. तिथे ‘एट ऑफ वाँड्स’ असतं, हवेतून झेपावणाऱ्या आठ काठ्या, तर विषय घाईचा झाला असता. म्हणजे कार्डही वाचलं गेलं. ‘तुमच्या आत काहीतरी दबलेलं आहे’ हे वाक्य मात्र या जागेतल्या कुठल्याही कार्डाला चालतं, आणि म्हणूनच ते एकाही कार्डाचं नसतं.

उलट्या टोकाची अडचण ‘हाय प्रीस्टेस’ आणते. तिच्या मागे डाळिंबांचा पडदा आहे, मांडीवरची गुंडाळी अर्धी वस्त्राखाली गेलेली आहे. लपवणं तिच्या चित्रातच असल्यामुळे छुप्या जागी ती आली की गुपित दुप्पट होतं आणि रीडरचा आवाज खाली जातो. पण लपलेपण जागेने पुरवलेलं आहे, कार्डाकडून ते पुन्हा घेण्यात काही मिळत नाही. ते वजा करून मागे काय उरतं ते पाहावं. उरते जाणणारी आणि न बोलणारी व्यक्ती. म्हणजे कुणालातरी माहीत आहे आणि त्या मौनाचा परिणाम होतोय. बहुतेकदा हे ‘कुणीतरी’ म्हणजे प्रश्न विचारणारी व्यक्तीच. ‘द मून’चंही तसंच. अंधुकपणा वजा केला की दोन बुरुजांमधून जाणारी वाट, भुंकणारे प्राणी आणि पाण्यातून वर येणारा खेकड्यासारखा जीव उरतो: भीती वाटत असतानाही चालत राहावं लागणारी वाट. कार्ड उलटं आलं तरी हाच नियम. एरवी उलटं म्हणजे आत वळलेलं असं मी वाचते. या जागी ते आतलेपण आधीच असल्यामुळे उलट्याचा अर्थ ‘अडलेलं’ एवढाच घेते.

या जागेचा एक धोका दुसऱ्या कुठल्याच जागेला नाही. भूतकाळाबद्दल चुकीचं बोललात तर समोरचा लगेच म्हणतो, असं काही झालं नव्हतं. इथे तो ‘मला तसं वाटत नाही’ म्हणाला, तर रीडरकडे उत्तर तयार असतं: ‘अंतर्मनात आहे, म्हणूनच तुम्हाला कळत नाही.’ हा वाद कुणीच हरू शकत नाही, म्हणून तो घालूच नये. माणूस नाही म्हणाला की मी ते वाक्य मागे घेते आणि कार्ड न उलगडलेलं म्हणून बाजूला ठेवते. आणि दुसऱ्या माणसावर आरोप तर या जागेवरून कधीच करायचा नाही. ‘सेव्हन ऑफ स्वॉर्ड्स’ इथे आलं की नवरा, भागीदार, सहकारी, कोणाचंही नाव समोरच्याच्या ओठांवर येतं. चित्रात एक जण पाच तलवारी घेऊन पाय न वाजवता निघालाय आणि दोन मागे राहिल्यात, एवढंच आहे. त्याचा चेहरा कोणाचा, हे कार्डावर नाही. मी विचारते, ‘या प्रकरणातून गुपचूप काय कमी होतंय? वेळ, पैसा, लक्ष?’ याचं उत्तर बँकेचं पासबुक किंवा आठवड्याचं वेळापत्रक उघडून तपासता येतं, आणि छुप्या जागेतून बाहेर काढलेली गोष्ट तशी तपासता आली तरच ती सांगण्याजोगी असते.