नाव नसलं तरी ओळख असतेच

एका महाविद्यालयाच्या नैतिकता समितीवर मी सामान्य सदस्य आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीत डॉक्टर, कायदेतज्ज्ञ यांच्याबरोबर एक साधा माणूसही असावा लागतो. मी माझं काम असं समजतो की, संमतीपत्र आई-बापाच्या नजरेनं वाचायचं.

मध्यंतरी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा अर्ज आला. आठवीच्या मुलामुलींना तिला विचारायचं होतं : घरी किती काम करावं लागतं, दहावीनंतर शिकायचं आहे का, घरात लग्नाचा विषय निघतो का. अर्जात लिहिलं होतं, 'प्रश्नावलीवर नाव नसल्यामुळे माहिती गोपनीय राहील. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे.'

मी पहिल्या पानावरचे रकाने पाहिले. शाळा, तुकडी, मुलगा की मुलगी, धर्म, वडिलांचा व्यवसाय. चाळीस जणांच्या वर्गात मुस्लिम मुली दोनच असल्या, एकीचे अब्बू रिक्षा चालवतात आणि दुसरीच्यांचं मटणाचं दुकान आहे, तर नाव कशाला हवं? 'लग्नाची बोलणी चालू आहेत' हे उत्तर कुणाचं, ते वर्गशिक्षकांना लगेच कळेल.

मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे फक्त शाळेचं दार उघडणं. संमती पालकांची लागते, आणि बारा वर्षांवरच्या मुलांचा स्वतःचा होकारही लेखी घ्यावा लागतो. आई हो म्हणाली आणि मुलगी नको म्हणाली, तर नको. पालकाला वाचता येत नसेल, तर पत्र त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्यायची.

अर्ज दुरुस्त होऊन आला. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना गेला होता. पत्र मराठीबरोबर उर्दूतही होतं. शिक्षक वर्गाबाहेर थांबणार होते. ज्यांना भाग घ्यायचा नाही, त्यांनीही कोरी प्रश्नावली घडी घालून त्याच पेटीत टाकायची, म्हणजे नकार कुणाचा ते कुणालाच दिसणार नाही.

एक प्रश्न मात्र उरला. पाचपेक्षा कमी मुलांचा गट तक्त्यात वेगळा दाखवायचा नाही, असं आम्ही सुचवलं होतं. पण मग प्रत्येक शाळेतल्या त्या दोन-तीन मुली 'इतर' मध्ये जातात. ओळख झाकली जाते, पण आमच्या मुलींचं काय चाललंय तेही झाकलं जातं. धर्माचा रकानाच काढा, असं एक सदस्य म्हणाले. मी विरोध केला. शेवटी दोनऐवजी आठ शाळा घ्यायच्या, सगळ्यांची उत्तरं एकत्र मोजायची आणि शाळेचं नाव अहवालात कुठंच द्यायचं नाही, असं ठरलं. विद्यार्थिनीचं काम चौपट वाढलं. पण त्या मुली आता मोजल्या जातील, आणि वर्गात कुणी त्यांच्याकडे बोट दाखवू शकणार नाही.