‘काल’ आणि ‘आहे’

येलहंक्यात मराठी बोलणारी घरं विखुरलेली आहेत. कोणी हवाई दलाच्या तळामुळे इथे आलेलं, कोणी आयटीतल्या नोकरीमुळे. मी घरी बसून अनुवाद करते, म्हणून इंग्रजीच्या शंका माझ्याकडे येतात. त्यांतली सर्वांत नेमाने येणारी शंका म्हणजे सिंपल पास्ट कुठे आणि प्रेझेंट परफेक्ट कुठे.

शाळेत आपल्याला एक सोपं समीकरण मिळालेलं असतं: ‘केलं’ म्हणजे ‘डिड’, ‘केलं आहे’ म्हणजे ‘हॅव डन’. बऱ्याचदा ते चालतं, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पण ‘बंगळूर केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलं आहे’ हे मराठी वाक्य कोणाला खटकत नाही. शहर आजही उभं आहे, त्यामुळे आपला ‘आहे’ सुखाने बसतो. इंग्रजीत मात्र ‘केंपेगौडा हॅज फाउंडेड बँगलोर इन 1537’ म्हणता येत नाही, तिथे ‘फाउंडेड’च हवं. ‘मी त्याला काल पैसे दिले आहेत’ याचंही तसंच. मराठीचा ‘आहे’ ‘काल’च्या शेजारी बसतो, इंग्रजीचा ‘हॅव’ बसत नाही.

समजावताना मी कागदावर एक आडवी रेघ ओढते आणि उजव्या टोकाला ‘आत्ता’ लिहिते. 1537चा ठिपका डावीकडे दूर. त्याला तारीख आहे, आणि तो ‘आत्ता’पासून तुटलेला आहे. हा सिंपल पास्ट. दुसरा ठिपका नंदी हिल्सचा. ‘आय हॅव सीन नंदी हिल्स’ म्हणताना केव्हा पाहिलं ते सांगायचं नसतं, म्हणून ठिपक्याला नेमकी जागा देता येत नाही. जन्मापासून ‘आत्ता’पर्यंतच्या पट्ट्यात तो कुठेतरी आहे एवढंच. तो पट्टा ‘आत्ता’ला टेकलेला आहे, म्हणून ‘हॅव’. पण ‘गेल्या रविवारी’ हा शब्द आला, की ठिपक्याला तारीख मिळते आणि वाक्य ‘सॉ’ होतं. डोंगर तोच, पाहणारीही तीच.

तिसरं चित्र ठिपक्याचं नाही, जाड पट्टीचं आहे, आणि खरी फसगत तिथे होते. आमच्या शेजारची एक शिक्षिका, मूळची सांगलीकडची. दुसऱ्या शाळेत अर्ज करताना तिने ‘आय वर्क्ड ॲट’, मग शाळेचं नाव, मग ‘फॉर फोर इयर्स’ असं लिहिलं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ती शाळा का सोडली? तिने सोडलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच शिकवायला जाणार होती. पण समोरच्यांच्या मनात मधल्या काळाबद्दल शंका उभी राहिली, आणि उरलेला वेळ ती निस्तरण्यात गेला.

ती मला म्हणाली, “ताई, ‘मला या शाळेत चार वर्षं झाली’ असंच आपण म्हणतो ना? मग ‘झाली’ हा भूतकाळच की!”

तिचं म्हणणं रास्त होतं. ‘झाली’चं रूप भूतकाळाचंच दिसतं. पण मराठीतलं हे रूप अनेकदा काळापेक्षा पुरं होणं सांगतं. चार वर्षांचं माप भरलं, एवढाच त्याचा अर्थ. नोकरी संपली असं त्यात कुठेच नाही. लांबून बस दिसली की आपण ‘आली, आली’ म्हणतो, तेव्हाही ती अजून यायचीच असते. तिच्यासाठी मी रेघेवर दोन पट्ट्या काढल्या. एक ‘आत्ता’च्या आधीच थांबलेली: ‘वर्क्ड’. दुसरी ‘आत्ता’ला टेकलेली: ‘हॅव वर्क्ड’. दोन्हींची लांबी चार वर्षंच. नोकरी अजून आहे हे ठसवायचं, तर ‘हॅव बीन वर्किंग’. तिच्या मनात ‘ॲम वर्किंग फॉर फोर इयर्स’ही आलं होतं, कारण मराठीत ‘चार वर्षं काम करतेय’ चालतं. पण मागून सुरू होऊन आजवर पोचलेली लांबी मोजायची असेल, तर इंग्रजीला तिथे साधा वर्तमानकाळ पुरत नाही.

म्हणून आता मी ‘आहे’कडे बघायला सांगत नाही, दोन प्रश्न विचारायला सांगते. पहिला, ‘केव्हा?’ त्याचं उत्तर वाक्यात किंवा बोलणाऱ्याच्या मनात ठरलेलं असेल, तर सिंपल पास्ट. दुसरा, पट्टी ‘आत्ता’ला टेकते का? टेकत असेल तर ‘हॅव’.

या रेघेलाही मर्यादा आहेत. ‘धिस मॉर्निंग’ सकाळी दहाला बोललं तर पट्टा अजून उघडा असतो आणि ‘हॅव’ चालतं, संध्याकाळी तो मिटलेला असतो. शिवाय ब्रिटिश माणूस ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणेल तिथे अमेरिकन सहज ‘आय जस्ट एट’ म्हणतो. तिथे चूक शोधू नये.

अनुवादात मला ही अडचण उलट्या बाजूने भेटते. इंग्रजी कादंबरीतली बाई नवऱ्याबद्दल ‘वी वेअर मॅरिड फॉर ट्वेंटी इयर्स’ म्हणते, तेव्हा तिचं लग्न संपलेलं असतं, मृत्यूने किंवा घटस्फोटाने. ‘हॅव बीन मॅरिड’ म्हटलं असतं तर नवरा शेजारच्या खोलीत असू शकला असता. ‘आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली’ असं मी लिहिलं, तर मराठी वाचक तो शेजारच्या खोलीतच आहे असं समजेल. म्हणून मी ‘वीस वर्षं संसार केला आम्ही’ असं काहीतरी लिहिते. त्या ‘केला’त पट्टी थांबल्याचं ऐकू येतं.