भिंतीवर आकडा लिहा, वरण घट्ट होईल

परवा धारणीतल्या एका वसतिगृहाच्या भोजन समितीपुढं पाच मिनिटं बोलायला मिळाली. जे बोललो तेच इथं टाकतो.

मंडळी, मेनूचा फलक आपल्याकडं आहेच. त्यावर लिहिलंय 'वरण, भात, पोळी, भाजी'. पण वरणात डाळ किती अन् पाणी किती, हे त्यावरून कळत नाही. म्हणून माझी एकच मागणी आहे: रोज प्रत्येक जेवणाच्या कॅलरी आणि प्रथिनं खडूनं लिहा.

ताट मोजायची गरज नाही. स्वयंपाकाआधी कोठारातून निघालेला कच्चा माल तोला आणि जेवणाऱ्या पोरांच्या संख्येनं भागा. संख्या हजर पोरांची घ्यायची, पटावरची नाही.

उदाहरण घ्या. शंभर पोरं जेवली. तांदूळ 10 किलो, कणिक 10 किलो, तूरडाळ 2 किलो, आलू 10 किलो, तेल 1 किलो. म्हणजे एका पोराला तांदूळ, कणिक आणि आलू प्रत्येकी 100 ग्रॅम, डाळ 20 ग्रॅम, तेल 10 ग्रॅम. हिशेब केला तर सुमारे 900 कॅलरी आणि 23-24 ग्रॅम प्रथिनं होतात. पोट भरलं. पण त्या प्रथिनांतले जवळपास 18 ग्रॅम तांदूळ-गव्हाचे, डाळीचे जेमतेम 4. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 16 ते 18 वर्षांच्या मुलाला दिवसाला 55 ग्रॅम आणि मुलीला 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यातही धान्याच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ती उणीव डाळ भरून काढते. डाळ 4 किलो केली तर प्रत्येकाला 4 ग्रॅम जास्त मिळतात. एका अंड्यानं 6 वाढतात. पाणी कितीही ओता, आकडा हलत नाही जी!

एक धोका आहे. एकदा लिहिलेला आकडा महिनाभर तसाच राहिला, तर समजा की तो मेनूवरून उतरवलाय. पडताळणी सोपी आहे. फलकावर माणशी डाळ 40 ग्रॅम धरली असेल अन् पोरं शंभर असतील, तर त्या दिवशी साठा रजिस्टरमधून 4 किलो कमी झालेली दिसली पाहिजे. म्हणून आकड्याखाली हजर संख्या आणि डाळीचं वजनही लिहा. हा गुणाकार आठवीतलं पोरगंही करतं.

हेही सांगतो, हा आकडा सरासरी आहे. कोणी दोनदा वाढून घेतलं, कोणी ताटात टाकून दिलं, हे त्यात येत नाही. लोह, भाजीचा ताजेपणाही नाही. पण डाळ कुठं पातळ होते, ते मात्र त्यातून दिसतं.

मेळघाटच्या कुपोषणावर अहवाल पुष्कळ निघाले, ते मुंबई-नागपुरात वाचले जातात. हा फलक जेवणारं कोरकू पोरगं स्वतः वाचेल.

समितीनं महिनाभर करून पाहू म्हटलंय. तुमच्या गावच्या वसतिगृहातही विचारा, आज माणशी डाळ किती?