टायरचं पत्र

रात्री टायरच्या दुकानदाराला पत्र लिहिलं. पुढचे दोन्ही टायर 14,000 किलोमीटरमध्येच झिजले. 8 मिलिमीटरची नक्षी 3 वर आली. रागाची वाक्यं खोडली, झीज कशी आहे तेवढं ठेवलं. हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या, जास्त असती तर मधला भाग. अलाइनमेंट बिघडलं असतं तर बहुधा एकच कड. इथे झीज सगळीकडे सारखी आहे. पुढची चाकं गाडी ओढतात, ती जास्त झिजणारच, पण इतकी? बिल, अलाइनमेंटच्या पावत्या आणि टायरवरच्या आठवडा-वर्षाच्या चार आकड्यांचा फोटो जोडला. फुकट टायर मागितला नाही. कंपनीच्या माणसाने टायर उतरवून तपासावा, उरलेल्या नक्षीच्या हिशेबाने भरपाई ठरवावी, आणि नाकारलंच तर कारण लेखी द्यावं.