पाटावरचा अष्टाचम्मा

षष्ठीपूजनाचे जागरण एका रात्रीपुरते असते, असा आमचा समज होता. घरात बाळ आल्यावर तो पहिल्याच आठवड्यात संपला. नवजात अर्भक दिवसरात्रीतून आठ ते बारा वेळा दूध मागते. मधला अवकाश कधी दीड तासाचा, तर कधी दहाच मिनिटांचा असतो. हैदराबादेतील आमच्या बिऱ्हाडात त्या अवकाशात उभयतांचे बोलणे दुपटी आणि औषधे यांपलीकडे जाईनासे झाले, तेव्हा आम्ही खेळाचा आश्रय घेतला.

प्रथम बुद्धिबळ मांडले. मोहरे जागच्या जागी राहत, परंतु मनातली मसलत पाळण्यापाशी जाऊन येईपर्यंत नाहीशी होई. पत्त्यांत तर गेलेली पाने स्मरावी लागतात. अर्धवट झोपेतल्या माणसास ते कोठून साधणार? अखेर शेजारच्या तेलुगू आजींनी अष्टाचम्मा शिकवला. या खेळात बहुतेक सारे पटावरच असते; डोक्यात फारसे काही ठेवावे लागत नाही.

पट पाच घरे रुंद, पाच घरे लांब. चारही बाजूंची मधली घरे आणि केंद्राचे घर यांवर फुली असते. तेथे सोंगटी मारली जात नाही. समोरासमोर बसलेल्या दोघांच्या चार चार सोंगट्या आपापल्या फुलीवरून निघतात, बाहेरच्या रांगेने घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, मग आतल्या रांगेत शिरून सुलट फिरतात आणि चोविसाव्या पावली केंद्रात पोहोचतात. दान चार कवड्यांचे. जितक्या उताण्या तितकी घरे. चारही उताण्या तर चार, म्हणजे चम्मा. चारही पालथ्या तर आठ, म्हणजे अष्टा. चार किंवा आठ पडले, अथवा प्रतिपक्षाची सोंगटी मारली, की आणखी एक दान मिळते. मात्र एकही सोंगटी न मारता आतल्या रांगेत प्रवेश नाही.

एका रात्री आमची सोंगटी अकराव्या पावलावर होती. आणखी एक घर, आणि ती फुलीवर निर्भय झाली असती. सौभाग्यवतींची सोंगटी आमच्या मागे बरोबर तीन घरांवर, त्यांच्याच फुलीवर उभी होती. कवडी उताणी वा पालथी पडण्याचा संभव सारखा धरला, तर तीनचे दान सोळांत चार वेळा पडते. म्हणजे आम्हांस भय चौथ्या हिश्शाचे. त्यांनी दान टाकले आणि त्याच क्षणी बाळाने टाहो फोडला. चाळीस मिनिटांनी आम्ही परतलो. मधल्या काळात चटई झटकताना कवड्या आम्हीच गोळा केल्या होत्या. सौभाग्यवती म्हणाल्या, "तीन पडले होते." आम्ही म्हणालो, "दोन." बाळ जागे होईल म्हणून ते भांडण कुजबुजत झाले, पण झाले खरे.

दुसऱ्या दिवशी नियम ठरला. सोंगटी हलली नसेल तर टाकलेले दान बाद. उठण्यापूर्वी कवड्या मोजून झाकणाच्या डबीत घालायच्या आणि ज्याची पाळी त्याच्या बाजूस डबी ठेवायची. आणखी एक गोष्ट पटावर दिसत नाही: कोणी सोंगटी मारली आहे की नाही. मारलेली सोंगटी आपल्या फुलीवर परत जाते, मागे खूण उरत नाही. म्हणून मारणाऱ्याच्या बाजूस, पटाच्या कडेला, खडूची रेघ ओढू लागलो.

जमिनीवर खडूने आखलेला पट पावलांनी पुसला जाई, म्हणून तो लाकडी पाटावर आखला. सोंगट्यांसाठी चिंचोके घेतले होते, ते पाट उचलताच घरंगळत. त्यांच्या जागी चपटी बटणे आली, चार पांढरी, चार काळी. कवड्यांच्या खडखडाटाने बाळ दचके, म्हणून दान घडी घातलेल्या पंचावर टाकू लागलो. मग डाव मोडला की पाट अलगद उचलून फडताळात जाई आणि दुसऱ्या रात्री तेथूनच पुढे चाले. एक डाव तीन तीन रात्री पुरे.

एके रात्री डबीत तीनच कवड्या भरल्या. बाळ शेजारीच दुपट्यावर होते. दिवा लावून गोधड्या झटकल्या. चौथी कवडी पंचाच्या घडीत सापडली, तोवर आमच्या तोंडचे पाणी पळाले होते. तान्ह्या बाळास कवडी उचलता येत नाही हे खरे. परंतु चौथ्या-पाचव्या महिन्यात हाती येईल ते तोंडाकडे जाऊ लागते, आणि कवडी किंवा बटण घशात अडकण्यास पुरेसे लहान असते.

ज्या दिवशी बाळाने आमच्या सदऱ्याचे बटण मुठीत धरून ओढले, त्याच दिवशी कवड्या आणि सोंगट्या मोजून, डबी घट्ट लावून सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. पाटही तेथेच आहे. तो डाव अर्धाच राहिला. पाळी आमची आहे. खडूची रेघ मात्र सौभाग्यवतींच्या बाजूस आहे.