रात्री नऊचे आकडे

मी पांढरकवड्यात राहते, म्हणजे केळापूर तालुक्याच्या ठिकाणी. रात्री साडेआठ ते दहा दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मुलं नागपूर, वणी, आदिलाबाद अशी विखुरलेली आहेत. घरी फायबरचं कनेक्शन आहे, १०० एमबीपीएसचं. नवरात्राच्या सुमारास मुलं तक्रार करू लागली, "मॅडम, आवाज तुटतोय." आधी वाटलं, त्यांच्याकडचंच नेट खराब असेल. मग सगळ्यांकडूनच तेच ऐकू येऊ लागलं.

कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माणूस आला. त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, ९६ आकडा आला, त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला आणि तो गेला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडा खराच होता. फक्त माझा क्लास सकाळी अकराला नसतो.

दिवाळीच्या सुट्टीत क्लास बंद होता, तेव्हा ठरवलं की आठवडाभर स्वतःच मोजायचं. शेजारच्या घरी दुसऱ्या कंपनीचं ५० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. त्यांचा कॉलेजातला मुलगा सुट्टीला आला होता. त्याला म्हटलं, तू तुझ्याकडे मोज, मी माझ्याकडे मोजते. वेळा ठरवल्या: सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री नऊ आणि साडेअकरा.

पहिले दोन दिवस फुकट गेले, आणि चूक माझीच होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर टेस्ट घेत होते. राउटर पुढच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. सकाळीसुद्धा ३५ च्या वर आकडा जाईना. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, हा तुमच्या वायफायचा आकडा आहे, कंपनीचा नाही." खरं होतं. राउटर २.४ आणि ५ असे दोन बँड देतो. २.४ लांबवर पोचतो, पण हळू असतो आणि शेजाऱ्यांच्या वायफायच्या गर्दीत अडकतो. मग लॅपटॉपला सरळ केबल जोडली. टेस्ट चालू असताना टीव्ही बंद, मोबाइलचं वायफाय बंद. जुने स्क्रीनशॉट काढून टाकले आणि नव्याने सुरुवात केली.

दुसरी गोम सर्व्हरची निघाली. टेस्टचं ॲप स्वतःहून जवळचं सर्व्हर निवडतं. एका रात्री नऊला मला ९३ मिळाले आणि मी चक्रावले. नीट पाहिलं तर स्क्रीनशॉटवर खाली सर्व्हरचं नाव होतं, आणि ते माझ्याच कंपनीचं होतं. म्हणजे डेटा कंपनीच्या घरातून बाहेर पडलाच नव्हता. लगेच हैदराबादचं दुसऱ्या कोणाचं तरी सर्व्हर निवडलं, आकडा आला १२. दोन टेस्टमध्ये दोन मिनिटांचंही अंतर नव्हतं. पुढे आम्ही दोघांनी रोज तेच हैदराबादचं सर्व्हर ठेवलं, आणि वहीतही त्या रात्रीचे १२ च लिहिले. आता कोणाचाही स्क्रीनशॉट आला की मी आधी वेळ आणि सर्व्हरचं नाव बघते, आकडा नंतर.

तिसरी गोष्ट मला उशिरा सुचली. एका रात्री नऊला नेट पूर्ण बंद होतं. टेस्ट सुरूच होईना, त्यामुळे स्क्रीनशॉटही नाही. दुसऱ्या दिवशी हिशेब करताना ती ओळ मी रिकामी सोडणार होते. मग लक्षात आलं, सगळ्यात वाईट वेळेचाच पुरावा निसटतो आहे. वहीत तिथे शून्य लिहिलं. घरातली वीज गेली असेल तर मात्र तसं वेगळं लिहायचं, कारण तो दोष कंपनीचा नाही.

आठवडा झाल्यावर रात्री नऊचे माझे आकडे असे होते: ३१, १२, ०, ४४, १८, ८, २७. शेजारचे: ४७, ४६, ४४, ४८, ३१, ४५, ४७.

मी आधी दिवसभराच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढली. माझी सुमारे ७० आली, त्यांची ४६. म्हणजे सरासरीने माझंच कनेक्शन चांगलं ठरलं! गणित शिकवणाऱ्या बाईने हे करावं याची थोडी लाज वाटली. सकाळचे ९५ आणि दुपारचे ९० रात्रीच्या खड्ड्यावर माती टाकत होते. म्हणून फक्त नऊचे आकडे घेऊन लहानमोठे लावले आणि मधला पाहिला. माझा मधला १८, सगळ्यात कमी शून्य. त्यांचा मधला ४६, सगळ्यात कमी ३१. विकत घेतलेल्या वेगाच्या मानाने माझ्याकडे रात्री पाचवा हिस्साही पोचत नव्हता, त्यांच्याकडे जवळजवळ सगळा पोचत होता.

सुट्टीत सगळे घरी असतात, त्यामुळे रात्रीचा भार नेहमीपेक्षा जास्त असेल. पण तो दोघांनाही सारखाच होता.

एक कोडं राहिलं होतं. व्हिडिओ क्लासला तीन-चार एमबीपीएस पुरतात. मग १८ असूनही आवाज का तुटावा? उत्तर त्याच स्क्रीनशॉटवर होतं, मी ते वाचत नव्हते. पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. सकाळी माझा पिंग २८ मिलिसेकंद होता. रात्री नऊला तो १९० पर्यंत जायचा, आणि एका टेस्टपासून दुसऱ्या टेस्टपर्यंत वरखाली व्हायचा. बोलण्याचे तुकडे मागेपुढे पोचले की आवाज तुटतो. शेजारी रात्रीही ४० च्या आत होते.

हे सगळं घेऊन कंपनीच्या माणसाला पुन्हा बोलावलं, या वेळी रात्री. त्याने राउटरच्या पानावर फायबरचा सिग्नल पाहिला, उणे २१ डीबीएम. उणे २७ च्या खाली गेला तर गडबड, असं तो म्हणाला. म्हणजे माझ्या घरापर्यंतची वायर ठीक होती. वायर वाकली असती किंवा जोड खराब असता तर त्रास दिवसाही दिसला असता. फक्त रात्रीच आकडा पडतो याचा अर्थ पुढची वाट अरुंद आहे. फायबरची एक लाइन बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते, आणि त्याच्याही पुढे गावातून बाहेर जाणारी वाट सगळ्यांची मिळून असते. रात्री सगळे एकदम बसले की ती भरते. माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, ते माझ्या हातात नाही."

मी शेजाऱ्यांच्या कंपनीचं कनेक्शन घेतलं. जुन्या कंपनीला सहा महिन्यांचे पैसे आगाऊ दिले होते, त्यातले दोन महिने बुडाले. आगाऊ भरण्याआधी एक आठवडा मोजलं असतं तर ते वाचले असते.

मोबाइलच्या डेटावर असं मोजणार असाल तर जपून. १०० च्या वेगाला पंधरा सेकंदांची एक टेस्ट जवळजवळ १९० एमबी खाते. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये पाच वेळा टेस्ट केली तर दिवसभराला फार उरत नाही.

नवी लाइनही निर्दोष नाही. एकदा रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि दिवसभर नेट नव्हतं. वहीत पाचही रकान्यांत शून्य आहेत. आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फक्त रात्री नऊला टेस्ट घेते, क्लासच्या मुलांना दोन मिनिटं उदाहरण सोडवायला लावून. गेल्या महिन्यात एका रात्री २२ आला. बाकीचे सहा दिवस ४५ च्या वर होते. त्या २२ ला गोल केला आहे.