शंभर श्रोत्यांचे आभार, आणि मोजणीबाहेरच्यांचेही

धारवाडहून मी मराठी शब्दांविषयी जो लहानसा पॉडकास्ट करतो, त्याच्या ‘फॉलोअर’ मंडळींची संख्या गेल्या आठवड्यात शंभर झाली. या निमित्ताने आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार मानणे हे माझे कर्तव्य आहे. परंतु वकिली पेशाची सवय अशी की, कोणाचे नाव अर्जात घालण्यापूर्वी पक्षकार नेमका कोण, हे निश्चित करावेसे वाटते. आभाराच्या बाबतीतही तसेच झाले.

प्रथम अडला तो शब्दच. ‘फॉलोअर’ला काही जण ‘अनुयायी’ म्हणतात. मराठीत अनुयायी हा गुरूचा, पंथाचा वा पुढाऱ्याचा असतो. त्यात मत स्वीकारणे अभिप्रेत आहे. माझी व्युत्पत्ती ऐकून मान हलवणारा आणि नापसंतीने मान झटकणारा, दोघेही या शंभरांत आहेत. पूर्वी याच कळीवर ‘सब्स्क्राइब’ असे लिहिलेले असे. अॅपलने 2021 मध्ये आपल्या पॉडकास्ट अॅपमध्ये तो शब्द बदलून ‘फॉलो’ केला, आणि त्याच वर्षी पैसे भरून ऐकण्याची निराळी सोय आणली. ‘सब्स्क्राइब’ म्हणताच अनेकांना पैसे द्यावे लागतील असे वाटे. नियतकालिकांच्या काळातला आपला ‘वर्गणीदार’ हा शब्दही याच कारणाने येथे लागू पडत नाही. मी आपणांस साधे ‘श्रोते’च म्हणेन.

आता संख्येविषयी. पॉडकास्ट हा मुळात एका सार्वजनिक यादीवर चालतो. नवा भाग तयार झाला की त्याची नोंद त्या यादीत पडते आणि श्रोत्याचे अॅप ती यादी वेळोवेळी वाचून भाग उतरवून घेते. यादी कोण वाचतो याची हजेरी निर्मात्याकडे येत नाही. प्रत्येक मोठे अॅप आपापल्या दालनातील ‘फॉलोअर’ मोजून सांगते, तेवढेच कळते. जो श्रोता एखादे साधे, खाते न मागणारे अॅप वापरतो, तो या शंभरांत नाही. व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवलेली ध्वनिफीत ऐकणारेही नाहीत.

भाग किती वेळा उतरवला गेला, ही मोजणी निराळी. तिचे प्रचलित संकेत असे की, निदान एक मिनिटाचा ध्वनी उतरलेला असावा, आणि चोवीस तासांत एकाच इंटरनेट पत्त्यावरून, एकाच प्रकारच्या अॅप व उपकरणावर तोच भाग पुन्हा मागितला गेला तर तो एकदाच धरावा. समजा, हुबळीतल्या एका घरात एकाच वायफायवर आई आणि मुलगा सारख्याच फोनवर, एकाच अॅपमधून भाग ऐकतात. मोजणीत ते एकच ठरण्याचा संभव मोठा. उलट, बरीच अॅप्स नवा भाग आपोआप उतरवून ठेवतात. मालकाने तो कधीच ऐकला नाही तरी नोंद पडतेच. पहिल्या उदाहरणात माणसे कमी दिसतात, दुसऱ्यात जास्त.

म्हणून मी अधिक विश्वास ठेवतो तो भाग कुठपर्यंत ऐकला गेला, हे दाखवणाऱ्या आलेखावर. त्यात पहिल्या मिनिटात उतार असतो, पुढे रेघ बरीचशी सरळ जाते. त्या सरळ रेघेतले श्रोते हे खरे श्रोते.

याहून मोठा पुरावा मात्र आपण पाठवलेल्या आवाजांचा. च आणि ज यांच्या दोन उच्चारांवरील भागात मी ‘जग’ हा शब्द घेतला होता. ‘विश्व’ या अर्थी त्यातला ज तालव्य, ‘जगणे’च्या आज्ञार्थात तो दंत्य, लिपीत दोन्ही सारखेच. त्यावर काही श्रोत्यांनी ‘चार’ आणि ‘चारा’ स्वतः उच्चारून पाठवले. पहिल्यातला च तालव्य, दुसऱ्यातला दंत्य. ज्या घरांत मराठी बोलली जाते पण शाळेत शिकवली गेली नाही, तेथील तरुणांनीही हा भेद चोख राखला होता. कोणी शिकवला म्हणून नव्हे, आजीच्या तोंडून ऐकला म्हणून. हे लेखातून मला कधीच कळले नसते; ते कानांनीच कळायचे.

तेव्हा आभार शंभरांचे आहेतच. शिवाय त्या वायफायवरच्या दुसऱ्या श्रोत्याचे, व्हॉट्सअॅपवर फीत पुढे पाठवणाऱ्याचे आणि आजीचा च जपून ठेवणाऱ्यांचेही आहेत. पुढील भाग ‘तूप’ आणि कन्नडमधील ‘तुप्प’ यांवर आहे. आपल्या घरी हा शब्द कसा उच्चारतात, ते बोलून अवश्य पाठवावे.